एक थेंब जड पाणी आणि दोन स्पेक्ट्रम



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवलं. ही माला सुरू करताना त्यांच्या विद्यार्थ्यांनी वक्त्यांसाठी एकच अपेक्षा ठेवली: जे काम रोज हाताखालून जातं, त्याच कामाबद्दल बोलावं. म्हणून आज मी एका थेंबाबद्दल बोलणार आहे. एनएमआरच्या काचेच्या नळीत जड पाण्याचा, म्हणजे डीटूओचा, एक थेंब टाकायचा, नळी हलवायची आणि स्पेक्ट्रम पुन्हा घ्यायचा. प्रयोगशाळेत याला सगळे 'डीटूओ शेक' म्हणतात. कृती पाच मिनिटांची आहे, आणि तिच्यातून निघणारा निष्कर्ष अनेकदा एका ओळीत उरकला जातो: 'सिग्नल गेला, म्हणजे ओएच किंवा एनएच आहे.' हा निष्कर्ष बहुतेक वेळा बरोबर असतो. तो कधी बरोबर असतो, कधी अपुरा असतो आणि कधी चक्क चुकीचा असतो, हे मला आज नीट उलगडून सांगायचं आहे.

उदाहरण सगळ्यांच्या घरातलं घेऊ या. ताप आला की आपण पॅरासिटामॉल घेतो. त्याचं सूत्र C8H9NO2, म्हणजे रेणूत नऊ हायड्रोजन. बेंझीनच्या कड्याच्या एका टोकाला ओएच आहे. समोरच्या टोकाला एनएच आहे आणि त्याला जोडून कार्बोनिल व मिथाइल गट येतात. याचे दहा मिलिग्रॅम ड्यूटेरेटेड डीएमएसओमध्ये विरघळवून 400 मेगाहर्ट्झच्या यंत्रावर प्रोटॉन स्पेक्ट्रम घेतला, तर पाच सिग्नल मिळतात. उजवीकडे 1.98 पीपीएमला मिथाइलचे तीन हायड्रोजन एका उंच, अणकुचीदार रेषेत उभे असतात. मध्ये 6.7 आणि 7.3 च्या आसपास दोन डब्लेट, प्रत्येकी दोन हायड्रोजनचे; हे कड्यावरचे. आणि डाव्या टोकाला 9.1 व 9.6 च्या आसपास दोन एकेरी सिग्नल, प्रत्येकी एका हायड्रोजनचा. तीन, दोन, दोन, एक आणि एक मिळून नऊ. हिशेब जुळला.

आता हा रेणू पॅरासिटामॉल आहे हे आपल्याला आधी माहीत नाही असं धरा. 9.1 आणि 9.6 चे सिग्नल कुणाचे? तिकडे अल्डिहाइडचा हायड्रोजनही येतो. व्हॅनिलिनचा स्पेक्ट्रम ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये घेतला, तर 9.83 ला असाच एका हायड्रोजनचा एकेरी सिग्नल दिसतो, आणि तो आहे अल्डिहाइडचा. व्हॅनिलिनचा फिनॉलिक ओएच 6.2 च्या आसपास असतो. म्हणजे नुसत्या जागेवरून ओळख पटवणं धोक्याचं. कार्बनवरच्या हायड्रोजनच्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात, पण ओएच आणि एनएच यांच्या तशा नसतात. अल्कोहोलचा ओएच क्लोरोफॉर्ममध्ये एक पीपीएमपासून पाचपर्यंत कुठेही सापडतो. फिनॉलचा चारपासून बारापर्यंत. द्रावण पातळ केलं, तापमान बदललं, सॉल्व्हंटमध्ये थोडा ओलावा आला, तरी सिग्नल सरकतो, कारण हायड्रोजन बंध किती घट्ट आहेत यावर त्याची जागा ठरते. त्यामुळे या प्रोटॉनची ओळख पटवायला त्यांच्या जागेपेक्षा त्यांच्या वागण्याचा उपयोग जास्त होतो.

हे वागणं असं. ऑक्सिजनला किंवा नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन त्या रेणूत कायमचा राहत नाही. शेजारी पाणी आलं की तो पाण्याकडे जातो आणि पाण्याचा हायड्रोजन त्याच्या जागी येतो. आम्लाचा किंवा अल्कलीचा अंश असेल तर ही देवाणघेवाण आणखी वेगानं होते. साधं पाणी असेल तर स्पेक्ट्रममध्ये हे कळत नाही, कारण एका हायड्रोजनच्या जागी दुसरा हायड्रोजन येतो. जड पाणी टाकलं की मात्र कळतं:

R-OH + D2O ⇌ R-OD + HOD

कार्बनला जोडलेला हायड्रोजन सहसा हे करत नाही. तो जागचा हलत नाही, आणि हाच सगळा भेद आपण वापरतो.

ड्यूटेरियम जागेवर आला की सिग्नल का जातो, हेही सांगतो. त्याचं अणुकेंद्र पूर्णपणे वेगळ्या वारंवारतेला प्रतिसाद देतं. ज्या चुंबकात प्रोटॉन 400 मेगाहर्ट्झला ऐकू येतो, तिथे ड्यूटेरियम 61.4 मेगाहर्ट्झला येतो. रेडिओ एका स्टेशनवर लावला असेल तर दुसरं स्टेशन सुरू असूनही ऐकू येत नाही, तसंच हे. अणू रेणूतच आहे, बंध शाबूत आहे, फक्त आपण ऐकत असलेल्या पट्टीवर तो नाही.

एक थेंब पुरतो का, हा प्रश्न नवी मुलं विचारतात. हिशेब करून बघू या. साधारण थेंब 0.05 मिलिलिटरचा. जड पाण्याची घनता 1.107, म्हणजे थेंबाचं वजन सुमारे 55 मिलिग्रॅम, आणि त्यात ड्यूटेरियम सुमारे 5.5 मिलिमोल. दहा मिलिग्रॅम पॅरासिटामॉल म्हणजे 0.066 मिलिमोल रेणू, आणि प्रत्येकावर दोन बदलणारे हायड्रोजन, म्हणजे 0.13 मिलिमोल. एका थेंबात चाळीस पटींहून अधिक ड्यूटेरियम आहे. देवाणघेवाण पूर्ण झाली, तर त्या दोन जागांवर साधा हायड्रोजन सुमारे दोन-अडीच टक्के उरेल, आणि तो बेसलाइनच्या खरखरीत हरवून जाईल. म्हणून थेंबावर थेंब टाकत बसू नये. दुसऱ्या टोकाचं पथ्यही आहे: डीटूओची बाटली उघडी राहिली की ती हवेतला ओलावा शोषते आणि तिच्यात साधा हायड्रोजन साठत जातो. वर्षानुवर्षं वापरलेल्या, अर्ध्या झालेल्या बाटलीवर माझा विश्वास नसतो. लहान सीलबंद कुपी उघडावी.

प्रत्यक्ष कृतीत सॉल्व्हंटला फार महत्त्व आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. पाच मिलिमीटरच्या नळीत आपण सुमारे 0.6 मिलिलिटर द्रावण घेतो, त्याची उंची चार-साडेचार सेंटिमीटर भरते. यंत्राची कॉइल ट्यूबच्या तळापासून साधारण दोन सेंटिमीटरच्या आसपासचा भाग पाहते. ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा जड असतो, त्याची घनता 1.5, म्हणून डीटूओ वर तरंगतो आणि कॉइलच्या नजरेबाहेर राहतो. हे सोयीचं आहे. उलट ड्यूटेरेटेड बेंझीनची घनता 0.95 आहे, त्यामुळे डीटूओ खाली बसतो, नेमका कॉइलजवळ. मग चुंबकीय क्षेत्र एकसारखं राहत नाही, शिम लागत नाही, आणि सगळ्या रेषा रुंद, विचित्र दिसतात. अशा वेळी कंपाउंडला दोष देऊ नये. थर कुठे बसला आहे हे नळी उजेडाकडे धरून बघावं.

क्लोरोफॉर्ममध्ये टोपी लावलेली नळी नुसती टिचकी मारून हलवली, तर बारीक नळीत पृष्ठताणामुळे डीटूओचा थेंब वरच अडकून बसतो आणि काहीच मिसळत नाही. नळी पूर्ण उलटी-सुलटी करायची, दहा-पंधरा वेळा, बुडबुडा टोकापासून टोकापर्यंत जायला हवा. तोंडावर अंगठा ठेवून हलवू नये; घाम आणि त्वचेचा तेलकटपणा थेट नमुन्यात जातो. मग नळी उभी ठेवून काही मिनिटं थर वेगळे होऊ द्यायचे. काचेला चिकटलेले बारीक थेंब टिचकीनं वर न्यायचे, आणि यंत्रात घातल्यावर लॉक व शिम नव्यानं लावायचं. दुसरा स्पेक्ट्रम पहिल्याच सेटिंगवर घ्यायचा. तेवढेच स्कॅन, तेवढाच गेन, तेवढंच तापमान. दोन चित्रांची तुलना करायची असेल तर मधली एकच गोष्ट बदललेली असावी.

डीएमएसओमध्ये चित्र वेगळं असतं. तो पाण्यात पूर्ण मिसळतो, दोन थर पडतच नाहीत. हलवण्याचे कष्ट कमी, पण पाणी आणि डीएमएसओ मिसळताना उष्णता निघते, म्हणून नळी गार होईपर्यंत थांबावं. पाण्यात न विरघळणारं, तेलकट कंपाउंड असेल तर जास्त डीटूओनं ते साक्यासारखं खाली बसतं. म्हणून डीएमएसओमध्येही एक थेंब, फार तर दोन.

आता आपली पॅरासिटामॉलची नळी. एक थेंब टाकून दुसरा स्पेक्ट्रम घेतला. सगळ्यात आधी मिथाइलच्या सिग्नलचं इंटिग्रेशन 3.00 ला धरायचं, कारण हे तीन हायड्रोजन कार्बनवर आहेत आणि कुठेही जात नाहीत. मग दोन्ही डब्लेट 2.00 आणि 2.00 येतात. याचा अर्थ रेणू शाबूत आहे, द्रावणातच आहे. त्यानंतर डावीकडे बघायचं. 9.1 ला काही उरत नाही. 9.6 लाही अखेरीस काही उरत नाही, पण तो अनेकदा थोडा रेंगाळतो; लगेच घेतलेल्या स्पेक्ट्रममध्ये त्याचा काही भाग दिसतो आणि थोड्या वेळानं नाहीसा होतो. दुसरीकडे डीएमएसओतल्या पाण्याचा 3.33 चा सिग्नल वाढतो आणि थोडा डावीकडे सरकतो, कारण गेलेले प्रोटॉन आता एचओडीच्या रूपानं तिथे आले आहेत. इतक्यावरून सांगता येतं की हे दोन्ही प्रोटॉन बदलणारे आहेत, आणि यातला एकही अल्डिहाइड नाही.

व्हॅनिलिनची नळी शेजारी ठेवली तर फरक उठून दिसतो. तिथे 6.2 चा सिग्नल जातो, 9.83 चा तसाच राहतो, आणि 4.7-4.8 च्या जवळ एक नवा फुगवटा उगवतो. तो द्रावणात तरंगणाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांमधल्या एचओडीचा. क्लोरोफॉर्ममध्ये खरोखर विरघळलेलं पाणी 1.56 ला येतं, ती गोष्ट वेगळी. या फुगवट्याचा त्रास असा की कंपाउंडचा स्वतःचा एखादा सिग्नल तिथे असेल, उदाहरणार्थ साखरेच्या रेणूतला किंवा दुहेरी बंधावरचा हायड्रोजन, तर तो त्याखाली झाकला जातो. मग तापमान बदलून बघायचं. ऊब दिली की पाण्याचा सिग्नल दर अंशामागे सुमारे 0.01 पीपीएम उजवीकडे सरकतो. कार्बनवरचे सिग्नल इतके हलत नाहीत, म्हणून झाकलेला बाहेर येतो.

मघाशी एनएच 'रेंगाळतो' असं म्हणालो. माझ्या मते या प्रयोगाचं खरं मर्म तिथेच आहे, त्यामुळे त्याला थोडा जास्त वेळ देतो. त्यासाठी 1951 सालात जाऊ या. स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी इथाइल अल्कोहोलचा प्रोटॉन स्पेक्ट्रम तीन वेगळ्या सिग्नलमध्ये उलगडून दाखवला. ओएच, सीएचटू आणि सीएचथ्री, क्षेत्रफळांचं प्रमाण एकास दोनास तीन. त्यातले श्रीनिवास धर्मट्टी मूळ कर्नाटकातले. पुढे ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे चुंबकीय अनुस्पंदनाचं काम त्यांनी उभं केलं. आपल्याकडे या विषयाची पाळंमुळं तिथपर्यंत जातात. नंतर, 1956 मध्ये, अर्नोल्ड यांनी अत्यंत शुद्ध इथेनॉल तपासलं. त्यात ओएचचा सिग्नल तीन रेषांमध्ये फुटलेला दिसतो, कारण शेजारच्या सीएचटूचे दोन हायड्रोजन त्याला जाणवतात. आम्लाचा अंश टाकला की तीन रेषा मिळून एक होते.

याचं कारण सरासरी. एका रेणूवर बसलेला प्रोटॉन शेजाऱ्यांची स्थिती नोंदवायच्या आतच दुसऱ्या रेणूवर उडी मारतो आणि तिथे शेजारी वेगळ्या स्थितीत असतात. फुटलेल्या रेषांमधलं अंतर पाच हर्ट्झ असेल, तर ती फूट टिकायला प्रोटॉन साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त काळ एका जागी राहायला हवा. त्याहून कमी काळ राहिला की फूट पुसली जाते.

आता डीटूओ शेकचा वेळ बघा. थेंब टाकला, हलवलं, नळी यंत्रात घातली, शिम केलं: पाच मिनिटं तर गेलीच. म्हणजे हा प्रयोग प्रोटॉन मिनिटांच्या मापात बदलतो का, एवढंच विचारतो. आणि रेषांची फूट तो दशांश सेकंदाच्या मापात बदलतो का, हे विचारते. ही दोन अगदी वेगळी घड्याळं आहेत, त्यांच्यात हजारो पटींचं अंतर आहे. म्हणूनच एखादा ओएच सुबक ट्रिप्लेट म्हणून फुटलेला असतो आणि तरीही थेंब टाकताच नाहीसा होतो. 'फुटलाय, म्हणजे तो बदलणारा नाही' असा तर्क अनेकदा ऐकायला मिळतो. तो चुकीचा आहे.

बेंझाइल अल्कोहोलवर हे अगदी जवळून बघता येतं. डीएमएसओमध्ये त्याचा ओएच 5.2 च्या आसपास ट्रिप्लेट दिसतो आणि सीएचटू 4.5 च्या आसपास डब्लेट. दोघांमध्ये तेच अंतर, सुमारे साडेपाच-सहा हर्ट्झ. डीएमएसओ ओएचला हायड्रोजन बंधानं धरून ठेवतो, त्यामुळे देवाणघेवाण मंदावते आणि फूट दिसते. थेंब टाकल्यावर 5.2 चा ट्रिप्लेट जातो, हे अपेक्षितच. पण तेवढ्यावर नजर थांबवू नका, 4.5 कडे बघा. तिथला डब्लेट आता एकच रेष झालेला असतो, कारण त्याला फोडणारा शेजारी प्रोटॉन राहिला नाही. ड्यूटेरियमचाही परिणाम होतो, पण तो साडेसहा पटींनी कमी, म्हणजे एखाद्या हर्ट्झहून लहान आणि नजरेला न दिसणारा. माझ्या मते हा दुसरा बदल पहिल्यापेक्षा जास्त बोलका आहे. सिग्नल गेला एवढ्यानं कळतं की तो बदलणारा होता. शेजारच्या सिग्नलची फूट कमी झाली, यावरून कळतं की तो कुणाच्या शेजारी बसला होता. 1964 मध्ये चॅपमन आणि किंग यांनी याच फुटीवरून अल्कोहोलचं वर्गीकरण दाखवलं: डीएमएसओमध्ये ओएच ट्रिप्लेट असेल तर प्राथमिक, डब्लेट असेल तर द्वितीयक, एकेरी असेल तर तृतीयक. हे सगळं थेंब टाकण्याआधीच वाचावं लागतं. एकदा थेंब पडला की ती माहिती पुसली जाते.

एन-इथाइल अॅसिटामाइडसारख्या रेणूतही हेच दिसतं. नायट्रोजनला जोडलेला सीएचटू आधी पाच रेषांचा गुंता वाटतो, कारण मिथाइलचे तीन आणि एनएचचा एक असे शेजारी त्याला फोडतात. एनएचच्या जागी ड्यूटेरियम आला की तोच सिग्नल स्वच्छ क्वार्टेट होतो. मात्र अॅमाइडच्या बाबतीत धीर धरावा लागतो. अॅमाइडचा एनएच फार मंदगतीनं बदलतो, क्लोरोफॉर्ममध्ये तर आणखी हळू, कारण तिथे पाणी थराच्या पलीकडेच राहतं. हलवल्यावर दहा मिनिटांनी सिग्नल जसाच्या तसा दिसला, तर 'हा एनएच नाही' असं लिहू नये. नळी रात्रभर ठेवावी, किंचित गरम करावी, किंवा अगदी थोडी अल्कली मिसळावी, मग पुन्हा पाहावं. रेणूच्या आतल्या आत हायड्रोजन बंधानं अडकलेले ओएचही असे हट्टी असतात. सॅलिसिलाल्डिहाइडचा फिनॉल शेजारच्या कार्बोनिलला धरून 11 पीपीएमच्या आसपास बसतो आणि साध्या फिनॉलपेक्षा सावकाश सुटतो.

हा सावकाशपणाच ज्यांनी अभ्यासाचा विषय केला त्यांचं काम इथे सांगायला हवं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी 1950 च्या दशकात इन्सुलिनसारख्या प्रथिनातले एनएच जड पाण्याशी किती वेगानं अदलाबदल करतात हे मोजलं. प्रथिनाच्या पृष्ठभागावरचे चटकन बदलतात, आतल्या घडीत हायड्रोजन बंधानं अडकलेले तासन् तास टिकतात. म्हणजे कोण किती वेळ टिकतो यावरून प्रथिनाची घडी वाचता येते. आपल्या पाच मिनिटांच्या प्रयोगात आणि या कामात तत्त्वाचा फरक नाही. फक्त ते घड्याळ पाच मिनिटांवर थांबत नाही.

आता चुकीचे निष्कर्ष कुठून येतात ते बघू. पहिला प्रकार, कार्बनवरचा हायड्रोजनही जातो. अॅसिटाइलअॅसिटोन क्लोरोफॉर्ममध्ये दोन रूपांचं मिश्रण असतं. इनॉल रूपाचा ओएच थेट 15.5 च्या आसपास, त्याच रूपाचा कार्बनवरचा हायड्रोजन 5.5 ला, आणि कीटो रूपाचा दोन कार्बोनिलांमधला सीएचटू 3.6 ला. थेंब टाकला की 15.5 जातो, यात नवल नाही. पण नळी तशीच ठेवली, विशेषतः अल्कलीचा अंश असेल, तर 5.5 आणि 3.6 चेही सिग्नल हळूहळू घटतात. दोन रूपं एकमेकांत बदलत राहतात आणि दर वेळी त्या कार्बनवर ड्यूटेरियम बसायची संधी मिळते. इथे 'गेला, म्हणजे ओएच' हे सूत्र सरळ फसतं. वेळेची नोंद मात्र फसत नाही: ओएच लगेच गेला, कार्बनवरचे नंतर, थोडे थोडे करून.

दुसरा प्रकार, सिग्नल बदलत नाही, कंपाउंडच निघून जातं. क्लोरोफॉर्ममध्ये घेतलेला एखादा अमाइनचा क्षार, लहान आम्ल किंवा साखरेसारखा पाणीप्रिय रेणू डीटूओच्या थरात उतरतो, आणि कॉइलला दिसणाऱ्या भागातून सगळाच नाहीसा होतो. ओळखायचं कसं? क्लोरोफॉर्मच्या 7.26 च्या अवशिष्ट सिग्नलच्या तुलनेत बाकीचे सगळे सिग्नल एकसारखे घटले असतील, तर ही अदलाबदल नाही, कंपाउंड दुसऱ्या थरात गेलं आहे. फक्त एक सिग्नल घटून इतर जागच्या जागी असतील, तर ती अदलाबदल. म्हणूनच मघाशी मिथाइलला 3.00 धरून सुरुवात केली; न हलणारा साक्षीदार नेहमी हाताशी हवा.

तिसरा प्रकार, पाण्यानं रेणू मोडतो. सिलिल ईथर किंवा अॅसिड क्लोराइड असेल, क्लोरोफॉर्म जुना होऊन त्यात आम्ल साठलेलं असेल, तर जुना सिग्नल जातो पण त्याबरोबर नवे सिग्नल उगवतात. शुद्ध अदलाबदलीत एचओडीशिवाय नवं काहीही येत नाही. नवी रेष दिसली की थांबून विचार करावा.

याच्या उलट अशाही जागा आहेत जिथे सिग्नल दिसतच नाही आणि तरी तो असतो. कोलेस्टेरॉलसारख्या रेणूचा ओएच मिथिलीन गटांच्या गर्दीत लपतो. तिथे नजरेपेक्षा इंटिग्रेशन कामी येतं: थेंबानंतर त्या गर्दीचं क्षेत्रफळ एका हायड्रोजननं कमी झालं, म्हणजे लपलेला सापडला. आणि मिथेनॉल-डीफोरसारख्या सॉल्व्हंटमध्ये नमुना घेतला असेल, तर शेक करण्याला अर्थच नाही. तिथे सॉल्व्हंटचा स्वतःचाच ओडी आधीच सगळे प्रोटॉन बदलून बसलेला असतो.

महाराष्ट्राशी संबंधित एक गोष्ट इथे सांगायला मला आवडेल. अलिबागजवळ थळला 1987 मध्ये जड पाण्याचा प्रकल्प सुरू झाला. निसर्गात साधारण साडेसहा हजार हायड्रोजनमागे एक ड्यूटेरियम असतो. थळमध्ये खत कारखान्याच्या अमोनिया बनवण्याच्या वायूतला हायड्रोजन द्रवरूप अमोनियाशी भेटवतात, पोटॅशियम अमाइडच्या साहाय्यानं. वायूतला ड्यूटेरियम अमोनियाकडे जातो आणि हळूहळू साठत जातो. म्हणजे नायट्रोजनवरचा हायड्रोजन सोडून त्याच्या जागी ड्यूटेरियम बसवणं, हेच त्या प्रकल्पाचं तत्त्व आहे. पॅरासिटामॉलच्या एनएचवर आपण एका नळीत जे करतो, तेच तिथे उंच मनोऱ्यांमध्ये सतत चालू असतं.

पॅरासिटामॉलकडे परत जाऊ, कारण एक प्रश्न शिल्लक आहे. 9.1 आणि 9.6, यातला ओएच कोणता आणि एनएच कोणता? डीटूओ शेकनं हे सांगितलं नाही. कोण आधी गेला आणि कोण रेंगाळला यावरून अंदाज येतो, पण अहवालात अंदाजापेक्षा भक्कम काही हवं. ते थेंबाच्या आधी घेतलेल्या द्विमितीय स्पेक्ट्रममधून मिळतं. एचएमबीसीमध्ये 9.6 चा प्रोटॉन 168 पीपीएमच्या कार्बोनिल कार्बनशी आणि 121 च्या कार्बनशी जोडलेला दिसतो, म्हणून तो एनएच. 9.1 चा प्रोटॉन ऑक्सिजन असलेल्या 153 च्या आणि शेजारच्या 115 च्या कार्बनशी, म्हणून तो ओएच. थेंब पडल्यावर हे संबंध दिसणार नाहीत, कारण दाखवणारा प्रोटॉनच उरत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: प्रोटॉन, कार्बन, सगळे द्विमितीय स्पेक्ट्रम आधी, आणि डीटूओ सगळ्यात शेवटी.

आणि नमुना मौल्यवान असेल, उदाहरणार्थ महिनाभराच्या सिंथेसिसनंतर हाती आलेले चार मिलिग्रॅम असतील, तरी थेंब टाकायला घाबरायचं कारण नाही. सॉल्व्हंट उडवायचा, उरलेलं साध्या मिथेनॉलमध्ये विरघळवून पुन्हा वाळवायचं, हे एक-दोनदा करायचं. ओडी आणि एनडीच्या जागी हायड्रोजन परततात. मग ताज्या डीएमएसओमध्ये विरघळवून स्पेक्ट्रम घेतला, की गेलेले सिग्नल पुन्हा उभे राहतात, तेवढ्याच क्षेत्रफळाचे. ते उभे राहिले, तर जे गेलं होतं ते अदलाबदलीनंच गेलं होतं. नाही राहिले, तर पाण्यानं रेणूत काहीतरी मोडलं आहे, आणि मग नव्यानं बघायला लागतं.